तक्त्याचे चित्र कानाने वाचता येईल असे कसे लिहावे

२०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्र आणि गोवा यांची लोकसंख्या दाखवणारा एक लहानसा तक्ता आपल्यापुढे चित्राच्या रूपात आला आहे, असे समजू. डावीकडे राज्यांची नावे आहेत आणि वर दुमजली शीर्षके आहेत. वरच्या मजल्यावर “ग्रामीण”, “नागरी” आणि “एकूण” असे लिहिले आहे, तर ग्रामीण आणि नागरी या दोन्हींच्या पोटात “पुरुष” आणि “स्त्रिया” असे प्रत्येकी दोन स्तंभ आहेत. दोन राज्ये आणि आकड्यांचे पाच स्तंभ मिळून सगळे दहाच आकडे होतात. हा तक्ता डोळ्यांनी पाहणाऱ्याला काहीच कष्ट पडत नाहीत, कारण कोणत्याही आकड्यावर नजर पडली की ती नकळत एकदा वर आणि एकदा डावीकडे जाऊन येते, आणि हा आकडा कोणाचा आहे ते कळते.

पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, वापरणाऱ्या वाचकाला त्याच जागी “ग्राफिक” एवढा शब्द ऐकू येतो, फार तर त्यापुढे फाइलचे नाव. काही स्क्रीन रीडरना चित्रातील अक्षरे ओळखण्याची सोय असते, परंतु ती वापरली तरी हाती येते ते साधारण असे: “ग्रामीण नागरी एकूण पुरुष स्त्रिया पुरुष स्त्रिया महाराष्ट्र ३,१५,३९,०३४ ३,००,१७,०४०” आणि पुढे तसेच. सगळे शब्द आले, आकडेही आले, पण त्यांची आपसातली नाती गेली. दुसऱ्यांदा आलेला “स्त्रिया” हा शब्द नागरी भागाचा आहे हे सांगणारी गोष्ट शब्दांत नव्हती. ती कागदावरच्या जागेत होती, आणि जागा ऐकू येत नाही. तक्त्याच्या चित्राचे मजकुरात रूपांतर करायचे म्हणजे मुख्यतः ही जागेत दडलेली नाती शब्दांत किंवा खुणांत आणायची असतात. आकडे टंकित करणे हा त्या कामाचा सोपा भाग आहे.

तरीही सुरुवात आकड्यांपासूनच करावी लागते. अक्षरओळख करणाऱ्या सॉफ्टवेअरने दिलेले देवनागरी आकडे डोळे मिटून स्वीकारू नयेत, कारण अंधुक छपाईत १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात आणि स्वल्पविरामानंतर नसलेली मोकळी जागा घुसते. अशी जागा घुसली की एकच संख्या स्क्रीन रीडर तीन-चार सुट्या संख्या म्हणून वाचू शकतो. तपासणीचा उत्तम मार्ग जुन्या हिशेबनिसांचाच आहे, तो म्हणजे बेरीज. आपल्या तक्त्यात महाराष्ट्राच्या ओळीत ग्रामीण पुरुष ३,१५,३९,०३४, ग्रामीण स्त्रिया ३,००,१७,०४०, नागरी पुरुष २,६७,०४,०२२ आणि नागरी स्त्रिया २,४१,१४,२३७ असे आकडे आहेत, आणि त्यांची बेरीज शेवटच्या स्तंभातल्या ११,२३,७४,३३३ या एकूण लोकसंख्येशी तंतोतंत जुळली पाहिजे. समजा पहिला आकडा चुकून ३,९५,३९,०३४ असा आला, तर बेरीज बरोबर ८०,००,००० ने जास्त भरते. हा फरक स्वतःच चुकीचा पत्ता सांगतो: दहा लाखांच्या स्थानी आठची वाढ झाली आहे, म्हणजे त्या स्थानी १ चा ९ झालेला आकडा शोधायचा. फरकाला नऊने नि:शेष भाग जात असेल, तर शेजारचे दोन अंक उलटसुलट टंकित झाले असण्याचा संशय घ्यावा.

मात्र बेरजेची एक मर्यादा आहे आणि तिच्यामुळे मी स्वतः एकदा फसलो आहे. गोव्याच्या ओळीत ग्रामीण पुरुष २,७५,४३६ आणि ग्रामीण स्त्रिया २,७६,२९५ आहेत. त्यापुढे नागरी पुरुष ४,६३,७०४ आणि नागरी स्त्रिया ४,४३,११० येतात, आणि एकूण १४,५८,५४५ होते. टंकन करताना मी पहिल्या दोन आकड्यांची अदलाबदल केली. बेरीज अर्थातच जुळली, कारण बेरजेला कोणता आकडा कोणत्या स्तंभात आहे याच्याशी काही देणेघेणे नसते. चूक सापडली ती स्क्रीन रीडरवरच काम करणाऱ्या एका सहकाऱ्यांमुळे. तक्त्याच्या आधी मी लिहिलेल्या सारांशात गोव्याच्या ग्रामीण भागात स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त असल्याचे म्हटले होते, आणि तक्ता ऐकताना त्यांना नेमके उलटे ऐकू आले. “तुमचा सारांश खरा की तक्ता?” एवढेच त्यांनी विचारले. सारांश मी मूळ चित्राकडे पाहून लिहिला होता म्हणून तो बरोबर होता. स्वतः टंकित केलेल्या तक्त्यावरून लिहिला असता तर दोन्ही ठिकाणी एकच चूक सुखाने नांदली असती. तेव्हापासून सारांश नेहमी चित्रावरूनच लिहितो, आणि टंकनाच्या आधी लिहितो.

आता नात्यांकडे वळू. वेबपानावर तक्ता लिहिण्याची जी एचटीएमएल खूण आहे, तिच्यात साधी चौकट `td` या खुणेने आणि शीर्षकाची चौकट `th` या खुणेने दाखवतात. शीर्षकाचा मजकूर ठळक अक्षरांत केला म्हणून तो शीर्षक होत नाही. डोळ्यांना तसे वाटते, पण स्क्रीन रीडरला ती इतर चौकटींसारखीच एक चौकट असते. `th` या खुणेला `scope` हा गुणधर्म जोडून हे शीर्षक खालच्या स्तंभाचे आहे की शेजारच्या ओळीचे, ते सांगता येते. एवढे केले की वाचक तक्त्यात उजवीकडे सरकताना प्रत्येक आकड्याआधी स्तंभाचे शीर्षक ऐकतो, आणि खाली सरकताना ओळीचे शीर्षक ऐकतो. बदलले तेवढेच शीर्षक सांगायचे, अशी ही पद्धत असल्यामुळे प्रत्येक वेळी सगळे पाल्हाळ ऐकावे लागत नाही.

आपल्या तक्त्याची अडचण त्याच्या दुमजली शीर्षकांत आहे. चित्रात दिसते तसेच जर आपण उतरवले, म्हणजे “नागरी” ही चौकट दोन स्तंभांवर पसरवली आणि तिच्याखाली “पुरुष” व “स्त्रिया” लिहिले, तर वाचकाला नेमके काय ऐकू येईल हे ब्राउझर आणि स्क्रीन रीडर यांच्या जोडीवर अवलंबून राहते. वाईट परिस्थितीत फक्त खालचा मजला ऐकू येतो. मग महाराष्ट्राच्या ओळीत उजवीकडे सरकणाऱ्याला “पुरुष ३,१५,३९,०३४”, “स्त्रिया ३,००,१७,०४०”, “पुरुष २,६७,०४,०२२”, “स्त्रिया २,४१,१४,२३७” असे ऐकू येते, आणि कोणत्या भागातल्या स्त्रिया हे त्याने स्तंभ मोजून लक्षात ठेवायचे असते.

यावर दोन उपाय आहेत आणि त्यांपैकी माझे मत स्पष्टपणे पहिल्याच्या बाजूने आहे. शीर्षकांचे दोन मजले पाडून एकच करावा, म्हणजे “ग्रामीण पुरुष”, “ग्रामीण स्त्रिया”, “नागरी पुरुष”, “नागरी स्त्रिया” आणि “एकूण” अशी पाच स्वयंपूर्ण शीर्षके लिहावीत. मूळ चित्राशी इमानदारी राखण्याच्या हट्टापायी अनेक जण हे करायला कचरतात. पण आपण चित्राची प्रतिकृती तयार करत नसून त्यातील माहिती पोहोचवत आहोत, आणि शब्दांची थोडी पुनरुक्ती सोडली तर यात माहितीचा एकही कण बदलत नाही. लिहिण्याची पद्धत अशी:

```html
<table lang="mr">
  <caption>लोकसंख्या, जनगणना २०११</caption>
  <tr>
    <th scope="col">राज्य</th>
    <th scope="col">ग्रामीण पुरुष</th>
    <th scope="col">ग्रामीण स्त्रिया</th>
    <!-- उरलेले तीन स्तंभ -->
  </tr>
  <tr>
    <th scope="row">गोवा</th>
    <td>२,७५,४३६</td>
    <td>२,७६,२९५</td>
    <!-- उरलेले तीन आकडे -->
  </tr>
</table>
```

यातील राज्याचे नाव `td` नसून `th` आहे, याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सर्वाधिक विसरली जाणारी गोष्ट हीच आहे. ते साध्या चौकटीत ठेवले, तर “नागरी स्त्रिया” या स्तंभातून खाली उतरणाऱ्या वाचकाला एकामागून एक आकडे ऐकू येतात, पण कोणते राज्य सुरू आहे हे कळत नाही. तक्ता दोन ओळींचा असेल तर निभावून जाते. छत्तीस जिल्ह्यांचा असेल तर पाचव्या ओळीनंतर वाचक हरवतो. `lang="mr"` ही खूणदेखील शोभेची नाही. पानाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदवलेली असेल, तर देवनागरी शब्द आणि आकडे इंग्रजी आवाजाच्या हवाली होऊ शकतात आणि तो आवाज ते चुकीचे उच्चारतो किंवा गिळून टाकतो.

दुसरा उपाय अशा वेळी वापरावा जेव्हा मजले पाडणे शक्य नसते, उदाहरणार्थ शीर्षके तीन मजली आहेत आणि ती जोडून लिहिली तर प्रत्येक शीर्षक दहा शब्दांचे होते, किंवा संस्थेच्या नियमानुसार तक्त्याचे दृश्य रूप जसेच्या तसे ठेवावे लागते. त्या पद्धतीत प्रत्येक शीर्षकाला एक ओळखखूण देतात आणि प्रत्येक आकड्याच्या चौकटीत त्याच्याशी नाते असलेल्या सगळ्या शीर्षकांच्या ओळखखुणा लिहितात:

```html
<th id="nagari" colspan="2">नागरी</th>
<th id="n-stri" headers="nagari">स्त्रिया</th>
<th id="goa">गोवा</th>
<td headers="goa nagari n-stri">४,४३,११०</td>
```

येथे नाते जागेवरून ओळखायचे नसून नावानिशी सांगितलेले आहे, त्यामुळे ते पक्के असते. पण याची किंमत मोजावी लागते. दहा आकड्यांसाठी दहा वेळा ही यादी हाताने लिहावी लागते, पुढे कोणी मध्येच एक स्तंभ घातला तर सगळ्या याद्या तपासाव्या लागतात, आणि एका ओळखखुणेत एक अक्षर चुकले तरी दृश्य तक्त्यात काहीच बिघडलेले दिसत नाही. चूक फक्त ऐकणाऱ्याच्याच वाट्याला येते, आणि त्यालाही ती चूक आहे हे कळण्याचा मार्ग नसतो.

चित्रात रिकाम्या चौकटी असतील तर त्यांचा अर्थ विचारून घ्यावा. रिकामी चौकट म्हणजे शून्य, माहिती उपलब्ध नाही, की वरचीच किंमत पुन्हा लागू, हे डोळस वाचक संदर्भाने ताडतो. मजकुरात ते “०”, “माहिती उपलब्ध नाही” किंवा प्रत्यक्ष किंमत पुन्हा लिहून स्पष्ट करावे लागते. आडवी रेघ आणि “वरीलप्रमाणे” दाखवणारी दोन टिंबे यांच्याबाबत तर हे अधिकच खरे आहे, कारण विरामचिन्हे वाचायची की नाहीत हे प्रत्येक वाचकाच्या स्क्रीन रीडरच्या मांडणीवर ठरते. रंगाने दाखवलेला अर्थही असाच शब्दांत उतरवावा; तांबड्या चौकटीत आधी “घट” असा शब्द यावा आणि त्यानंतर आकडा.

आता सारांश. एचटीएमएलच्या जुन्या आवृत्तीत तक्त्याला `summary` नावाचा स्वतंत्र गुणधर्म होता, जो फक्त स्क्रीन रीडरलाच ऐकू येत असे. एचटीएमएल ५ मध्ये तो कालबाह्य ठरवला गेला आणि माझ्या मते ते योग्यच झाले, कारण न दिसणारा मजकूर कोणी तपासत नाही आणि तक्ता बदलला तरी तो जुनाच राहतो. सारांश तक्त्याच्या लगेच आधी, सर्वांना दिसेल अशा साध्या परिच्छेदात लिहावा. त्यात दोन वेगळी कामे असतात आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. पहिले काम रचना सांगण्याचे: आत शिरण्याआधी वाचकाला किती ओळी, किती स्तंभ आणि आकडे कशाचे आहेत हे कळावे. दुसरे काम म्हणजे नजर टाकताच जे लक्षात येते तेवढेच सांगण्याचे. आपल्या तक्त्याचा सारांश मी असा लिहीन:

“या तक्त्यात दोन राज्यांच्या दोन ओळी आणि सहा स्तंभ आहेत, पहिल्या स्तंभात राज्याचे नाव, पुढील चारांत ग्रामीण व नागरी भागांतील पुरुष आणि स्त्रियांची संख्या, आणि शेवटच्या स्तंभात एकूण लोकसंख्या आहे. महाराष्ट्रात ग्रामीण लोकसंख्या नागरीपेक्षा जास्त आहे, तर गोव्यात नागरी जास्त आहे. गोव्याच्या ग्रामीण भागात स्त्रिया पुरुषांपेक्षा ८५९ ने जास्त आहेत. बाकी तिन्ही ठिकाणी पुरुष जास्त आहेत.”

यात टक्केवारी नाही, कारण ती चित्रात नव्हती. गोव्यात नागरी लोकसंख्येचे प्रमाण सुमारे ६२ टक्के निघते हे खरे असले, तरी ते सारांशात घातले की वाचक तो आकडा तक्त्यात शोधत बसतो. ८५९ हीदेखील आपली वजाबाकी आहे, पण तो फरक दोन शेजारच्या चौकटींतून लगेच पडताळता येतो, म्हणून तेवढी मुभा मी घेतो. गोव्यात असे का आहे, याविषयीचे अनुमान मात्र सारांशात अजिबात येऊ नये. डोळस वाचकाला चित्रातून ते मिळालेले नाही, तर ऐकणाऱ्यालाही आपले मत तक्त्याच्या नावाखाली देऊ नये.

मूळ चित्र पानावर ठेवायचेच असेल, तर त्याच्या पर्यायी मजकुरात, म्हणजे `alt` मध्ये, सगळा तक्ता कोंबण्याचा मोह टाळावा. पर्यायी मजकूर एका दमात वाचला जातो. त्यात चौकटीतून चौकटीत सरकता येत नाही, आणि मधला एक आकडा पुन्हा ऐकण्यासाठी सगळी रांग पुन्हा ऐकावी लागते. “जनगणना २०११ मधील लोकसंख्येच्या तक्त्याचे चित्र, हाच तक्ता खाली मजकुरात दिला आहे” एवढे पुरते. वेबमजकुराच्या सुगम्यतेसाठी जगभर मानले जाणारे डब्ल्यूसीएजी निकषही हेच दोन भाग वेगळे मागतात: चित्राला समतुल्य मजकूर असावा ही एक अट, आणि डोळ्यांना दिसणारी रचना व नाती सॉफ्टवेअरलाही कळावीत ही दुसरी. `alt` फार तर पहिली अट भागवतो.

वर्डमध्ये काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. तेथे शीर्षकाची ओळ आणि पहिला स्तंभ एवढीच नाती सांगण्याची सोय आहे. प्रत्येक चौकटीला स्वतंत्र यादी जोडता येत नाही. त्यामुळे दुमजली तक्ता तेथे मजले पाडूनच लिहावा लागतो. आणि जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टंकित केलेल्या मराठी दस्तऐवजातून तक्ता थेट उचलता येईल अशी आशा ठेवू नये. युनिकोड नसलेली ती अक्षरे पडद्यावर मराठी दिसतात, पण नकलून घेतल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा हाती येतो आणि स्क्रीन रीडरही तोच कचरा वाचतो. असा तक्ता मजकुरासारखा दिसत असला तरी चित्रच समजावा.

शेवटची तपासणी कानानेच होते. विंडोजवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर बसवावा, पान उघडून `T` ही कळ दाबावी म्हणजे तक्त्यापाशी जाता येते, आणि मग `Ctrl+Alt` धरून बाणांच्या कळांनी चौकटीतून चौकटीत जावे. पहिल्या चौकटीपासून क्रमाने ऐकत गेलो तर आपली स्मरणशक्ती उणिवा भरून काढते आणि सगळे ठीक वाटते. म्हणून पडदा झाकून तक्त्यात चार-सहा वेळा कसेही सरकावे, मग थांबावे आणि सरकताना ऐकू आलेल्या शब्दांवरून आपण कोणत्या चौकटीत आहोत ते कागदावर लिहावे. उजवीकडे सरकून “नागरी स्त्रिया ४,४३,११०” ऐकू आले, आणि त्याआधी खाली उतरताना “गोवा” ऐकू आले होते, तर नाती जुळली आहेत. केवळ “स्तंभ पाच” एवढेच ऐकू आले, तर कोठेतरी `th` ऐवजी `td` राहिला आहे.

व्हॉट्सअ‍ॅपसारख्या ठिकाणी तक्त्याची खूणच उपलब्ध नसते. तेथे मोकळ्या जागा टाकून स्तंभ जुळवण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. तो फक्त डोळ्यांपुरता असतो आणि दुसऱ्या मोबाइलवर तोही विस्कटतो. प्रत्येक ओळ तिच्या शीर्षकांसह वाक्यासारखी लिहावी:

```
गोवा. ग्रामीण पुरुष: २,७५,४३६. ग्रामीण स्त्रिया: २,७६,२९५.
नागरी पुरुष: ४,६३,७०४. नागरी स्त्रिया: ४,४३,११०.
एकूण: १४,५८,५४५.
```

येथे स्तंभाने खाली उतरता येत नाही, त्यामुळे दोन राज्यांच्या नागरी स्त्रियांची तुलना करायची असेल तर दोन्ही परिच्छेद ऐकून आकडे मनात धरावे लागतात. पाच-सहा ओळींपर्यंत हे चालते. त्याहून मोठा तक्ता असेल, तर संदेशात फक्त सारांश लिहावा आणि खऱ्या तक्त्याच्या पानाचा दुवा जोडावा.